जाडी फुगवून सांगणारा गेज

पाइप आतून किती झिजला, हे तो न कापता अल्ट्रासॉनिक गेज सांगतो. ध्वनी आतल्या भिंतीवर आदळून परतायला लागलेला वेळ गुणिले वेग, भागिले दोन, एवढाच हिशेब.

त्यासाठी आधी पायऱ्यांचा ठोकळा घेतात. त्याच्या जाड पायरीवर वेग जुळवतात, पातळ पायरीवर शून्य. पण ठोकळा पाइपच्याच धातूचा हवा. साध्या पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 5920 मीटर, 304 स्टेनलेसमध्ये सुमारे 5660. पोलादी ठोकळ्यावर जुळवलेला गेज 6 मिमी स्टेनलेस पाइपला 6.28 दाखवतो. चूक नेमकी धोक्याच्या बाजूची, आणि आकडा मात्र पडद्यावर अगदी स्थिर!

जेलचा थर जाड राहिला तरी आकडा फुगतो. जेलमध्ये ध्वनी पोलादाच्या जेमतेम पाव वेगाने जातो, त्यामुळे 0.1 मिमीचा जादा थर 0.4 मिमी पोलाद म्हणून मोजला जाऊ शकतो. बारीक पाइपवर तर प्रोबचा सपाट चेहरा एका रेघेवरच टेकतो आणि कडेला जेल साचतं. म्हणून दुहेरी प्रोबची मधली रेघ पाइपच्या लांबीला आडवी धरतात, प्रोब हलकेच डोलवतात आणि सर्वांत लहान स्थिर आकडा टिपतात.