पावसाळ्यातले कुबट कपडे

पावसाळ्यात घरात वाळवलेल्या कपड्यांना येणारा कुबट वास जिवाणूंमुळे येतो. धुतल्यानंतरही कापडाच्या धाग्यांत घाम, त्वचेचा तेलकटपणा आणि साबणाचा थोडा अंश उरतो. कपडा जितका वेळ ओला राहील तितका वेळ जिवाणू त्यावर वाढत राहतात. जपानी संशोधकांनी 2012 मध्ये या वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचे दाखवले. तो कापडातल्या तेलकट अंशापासून उग्र वासाचे एक आम्ल तयार करतो. कोरडेपणातही तो तग धरतो. म्हणून वाळलेल्या टॉवेलला वास येत नाही, पण तोंड पुसताना तो ओला झाला की लगेच येतो.

मुंबई-कोकणात जुलैमध्ये हवेत इतका ओलावा असतो की कपड्यातले पाणी सहज उडून जात नाही. अशा वेळी जाड टॉवेल, जीन्सचा नेफा आणि खिसे सर्वांत शेवटी वाळतात आणि वासाची सुरुवात बहुधा तिथेच होते. टॉवेल मशीनमध्ये दोनदा पिळून घ्यावा आणि घडी न घालता एका पदरात पसरावा. दोन कपड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवून त्यांच्यावर पंखा सोडावा, म्हणजे कपड्याला चिकटलेली दमट हवा हटत राहते. खोली बंद असेल तर तीच हवा फिरत राहते. त्यामुळे पाऊस थांबला की खिडकी उघडावी, किंवा एसी असल्यास ड्राय मोडवर चालवावा. जीन्स उलटी करून टांगावी. वाळली का हे पाहायचे तर नेफा आणि खिशाची शिवण चिमटीत धरावी. थंड लागली तर ओल शिल्लक आहे.

कपड्यांसाठी मिळणारी निर्जंतुक द्रव्ये जिवाणू कमी करतात, पण मळ काढत नाहीत आणि कपडा वाळवतही नाहीत. त्यांतल्या अनेकांत बेन्झाल्कोनियम क्लोराइडच्या वर्गातले रसायन असते. डिटर्जंटमध्ये मिसळल्यास त्याचा प्रभाव कमी होतो, म्हणून ते शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात टाकून बाटलीवर दिलेल्या वेळेइतके कपडे त्यात भिजवावे लागतात. नंतर कपडा दिवसभर ओला राहिला, तर उरलेले जिवाणू पुन्हा वाढतात.

उन्हाचा मुख्य फायदा म्हणजे कपडा झटपट वाळतो. उन्हातले अतिनील किरणही जिवाणू मारतात, पण मोराक्सेला त्यांना बराच दाद देत नाही, आणि खिडकीची काच त्या किरणांचा मोठा भाग अडवते. इस्त्रीच्या उष्णतेने किंचित दमट सुती कपड्यातले जिवाणू मरतात आणि उरलेली ओलही निघते. मात्र जाड शिवणीच्या आत उष्णता कमी पोचते आणि कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांवर इस्त्री फार तापवता येत नाही. इस्त्री केलेला कपडा गार होईपर्यंत टांगून मगच कपाटात ठेवावा.

म्हणून रोजच्या कपड्यांसाठी नीट धुणे, लवकर वाळवणे आणि शेवटी इस्त्री एवढे पुरते. निर्जंतुक द्रव आजारी माणसाच्या कपड्यांसाठी किंवा गरम पाणी न चालणाऱ्या कापडासाठी उपयोगी आहे. वास मुरलेला सुती टॉवेल मात्र 60 अंशांच्या पाण्यात डिटर्जंटसह धुवावा. त्याने जिवाणूही मरतात आणि त्यांचे खाद्यही निघून जाते.