चिठ्ठ्या, चार कप्पे आणि मागचा आठवडा
मधल्या वयातलं काम : लेखांक ६

मागच्या लेखानंतर बऱ्याच वाचकांच्या मनात एकच प्रश्न असणार, नोकरी सोडावी की नाही? माझ्या मते हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. नेमकं काय हरवलंय हे कळण्याआधी सोडायचं काय, हे ठरवता येत नाही. ते शोधण्याची एक जुनी, तपासलेली पद्धत आज पाहू.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मूल्यांची ८३ कार्डं तयार केली. घरी तेवढी लागत नाहीत, तीस-चाळीस चिठ्ठ्या पुरतात. शब्द रोजच्या बोलण्यातले घ्यावेत : शिकवणं, हात चालवून काही घडवणं, स्वच्छ हिशेब, मान, स्थैर्य, मोकळीक, आईवडिलांची काळजी, देवधर्म. ‘फ्लॅट घेणं’ लिहू नये. ते उद्दिष्ट झालं, एकदा घेतला की संपलं. ‘आनंद’ही नको, कारण तो ठरवून करता येत नाही. जे उद्या सकाळी थोडं का होईना प्रत्यक्ष करता येईल, तेच चिठ्ठीवर यावं.

एक माणूस डोळ्यांसमोर आणू. वय ४७, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळतो. तरुणपणी लूमवर होता, आता दिवसभर बिलं, गाड्या आणि फोन. मुलगी पुण्यात शिकते, घराचे हप्ते चालू आहेत. त्यानं चिठ्ठ्यांचे तीन ढीग केले : फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, तितकंसं नाही. पहिला ढीग नेहमीच फुगतो, त्याचाही फुगला. मग त्यातून दहाच ठेवायच्या आणि शेवटी पाच. खरा व्यायाम इथे सुरू होतो. एकेक चिठ्ठी बाजूला ठेवताना हात जिथे अडतो, तिथे थांबून त्याचं कारण एका ओळीत लिहावं.

त्याचा हात दोनदा अडला. ‘मान’ पाशी त्यानं स्वतःला विचारलं, हे मी करतोय हे कुणालाच कधी कळणार नसेल, तरी करीन का? चिठ्ठी गेली. ‘स्थैर्य’ जास्त अवघड निघालं. नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू यांसारख्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा पगार थांबलेली घरं या शहरानं पाहिली आहेत. त्या घरांत वाढलेल्या माणसाला ही चिठ्ठी सोडवत नाही. ती मूल्य म्हणून हातात आहे की भीती म्हणून, हे ओळखायला मी एक प्रश्न सुचवतो : तीन वर्षांचा खर्च बँकेत असता, तरी ती पहिल्या पाचांत राहिली असती का? त्याचं उत्तर ‘नाही’ आलं. म्हणून चिठ्ठी फाडायची नाही. हप्ते खरेच आहेत. ती वेगळी ठेवायची, अट म्हणून.

उरलेल्या पाचांत ‘शिकवणं’ होतं. आता दुसरा भाग. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ टोबियास लुंडग्रेन यांच्या पद्धतीत नेमबाजीच्या फळ्यासारखी एकात एक वर्तुळं काढून चार कप्पे पाडतात : काम, नाती, विरंगुळा, आरोग्य व स्वतःची वाढ. मूल्याप्रमाणे जगणं जितकं जवळ, तितकी खूण मध्याजवळ. मी इथे एक बंधन घालतो. फक्त मागच्या सात दिवसांत प्रत्यक्ष काय केलं, तेवढंच धरायचं. इच्छा मोजल्या की खुणा आपोआप आत सरकतात.

त्याची नात्यांची खूण मध्याजवळ आली, कामाची अगदी कडेला. कारण आठवायला वेळ लागला नाही. लूमवर असताना नवी पोरं त्याच्या हाताखाली तयार व्हायची. डिस्पॅचला आल्यापासून त्यानं कुणाला काही शिकवलेलंच नाही. कारखाना, मालक, शहर यांपैकी कशाबद्दलही त्याची मोठी तक्रार निघाली नाही.

म्हणून राजीनाम्याऐवजी छोटा प्रयोग. मालकाला विचारून चार आठवडे, दर मंगळवारी अर्धा तास, तपासणीच्या टेबलावर दोन नव्या पोरांना टॉवेलचे दोष दाखवायचे : ओढलेला लूप, सुटलेला आडवा धागा, तेलाचा डाग, वाकडी शिवण. दर रविवारी खूण पुन्हा करायची.

खूण आत सरकली, तर मालकाशी कामाच्या वाटणीबद्दल बोलायला हातात ठोस मुद्दा येतो. अर्धा तास प्रत्येक वेळी ओझं वाटला, तर ती चिठ्ठी बहुधा ‘असायला हवी’ म्हणून ठेवलेली होती, मग सहाव्या-सातव्या चिठ्ठीकडे परत जावं. मालकानं नकार दिला, तर शिकवण्याची जागा कारखान्याबाहेर शोधावी लागेल.

पगारच पुरत नसेल, तर चिठ्ठ्या तो वाढवणार नाहीत. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर आधी डॉक्टरांकडे जावं किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावं. अशा काळात सगळ्याच चिठ्ठ्या ‘तितकंसं नाही’च्या ढिगात पडतात आणि ते उत्तर आजाराचं असतं.

पुढच्या आठवड्यात : मालकाशी हे बोलणं कसं सुरू करायचं.