इलेक्ट्रॉनची लाट पसरते म्हणजे काय होते?

पदार्थाच्या कणालाही लाट असते, हे लुई द ब्रॉय यांनी १९२४ च्या प्रबंधात मांडले. तीन वर्षांनी डेव्हिसन आणि जर्मर यांनी ५४ व्होल्टने पळवलेले इलेक्ट्रॉन निकेलच्या स्फटिकावर सोडून ते प्रयोगाने दाखवले. असा इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे ४,३६० किलोमीटर धावतो. पण श्रोडिंजरच्या समीकरणाने त्याच्या लाटेच्या एकेका शिखराचा वेग काढला, तर तो येतो बरोबर निम्मा. मग कण लाटेला मागे टाकतो की काय?

तसे नाही. एकाच तरंगलांबीची लाट सगळीकडे सारखीच पसरलेली असते. तिच्यावरून कण कुठे आहे हे कळत नाही. त्यासाठी जवळजवळच्या अनेक तरंगलांबींच्या लाटा एकत्र याव्या लागतात. एका ठिकाणी त्या एकमेकींना बळ देतात, बाकी ठिकाणी एकमेकींना खोडून टाकतात. उरतो तो तरंगपुंज. हा फुगवटा ज्या वेगाने सरकतो तो समूह वेग, आणि तोच इलेक्ट्रॉनचा वेग. खोल पाण्यातल्या लाटांच्या समूहात शिखरे मागून उगवतात आणि समूहाच्या दुप्पट वेगाने पुढे जाऊन विरतात. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत उलटे घडते. शिखरे पुढच्या टोकाला उगवतात आणि मागे पडत विरतात. शिखराचा वेग ऊर्जेचे शून्य कुठे धरले यावर बदलतो. समूह वेग बदलत नाही. मोजता येतो तोही समूह वेगच.

आता पसरणे. प्रत्येक तरंगलांबीचा वेग वेगळा असल्याने पुंजाचा लघुतरंगी भाग पुढे सटकतो, दीर्घतरंगी भाग मागे रेंगाळतो. समजा, सुरुवातीला पुंजाची रुंदी १ नॅनोमीटर आहे. अनिश्चितता तत्त्वानुसार त्याच्या वेगात सेकंदाला किमान ५८ किलोमीटरची तफावत असणारच. १० सेंटीमीटर अंतर कापायला त्याला सेकंदाचा सुमारे चार कोटींवा भाग लागतो. तेवढ्यात पुंज सुमारे १.३ मिलिमीटर रुंद होतो, म्हणजे दहा लाख पटींहून जास्त. पुंज आणखी चिंचोळा घेतला, तर वेगातली तफावत वाढते आणि तो आणखी झपाट्याने पसरतो. वेगातली तफावत मात्र वाटेत वाढत नाही, ती पहिल्यापासून तेवढीच असते. मुक्त कणाची ऊर्जाही खर्च होत नाही.

तरंगपुंज म्हणजेच कण, अशी श्रोडिंजर यांची आशा होती. या पसरण्यामुळे ती टिकली नाही, कारण पडद्यावर इलेक्ट्रॉन नेहमी अख्खाच, एका ठिपक्यावर सापडतो. पसरते ती तो कुठे सापडेल याची शक्यता, हा अर्थ माक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये लावला.

मग धुळीचा कण का पसरत नाही? तोही पसरतो. पण १ मायक्रोग्रॅमच्या कणाचा १ मायक्रोमीटर रुंदीचा पुंज मोकळ्या अवकाशात जेमतेम दीडपट व्हायलाही सुमारे सहा लाख वर्षे लागतात.