वलय कोणत्या बाजूने फुटते?

गाडीचा रंग, छपाईची शाई, काच पुसायचे द्रव अशा कितीतरी गोष्टींत एक पाण्यासारखा नितळ, मंद गोडसर वासाचा द्रावक असतो. रंगाच्या धंद्यात त्याला नुसते ‘पीएम’ म्हणतात. पिंपासोबत येणाऱ्या सुरक्षा-माहितीपत्रकावर त्याचे पूर्ण नाव असते १-मेथॉक्सी-२-प्रोपॅनॉल, आणि शेजारी 107-98-2 हा नोंदणी क्रमांक. हेच पत्रक नीट वाचले तर अशुद्धींच्या रकान्यात आणखी एक नाव सापडते: २-मेथॉक्सी-१-प्रोपॅनॉल, क्रमांक 1589-47-5. फक्त आकड्यांची अदलाबदल झालेली दिसते. दोन्ही रेणूंत चार कार्बन, दहा हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन आहेत; वजनही एकच. तरी पहिल्याबद्दलचा इशारा ‘ज्वलनशील, गुंगी येऊ शकते’ एवढाच असतो, तर दुसऱ्याला युरोपीय नियमांनी ‘गर्भाला हानी करू शकतो’ अशा वर्गात टाकले आहे. मिश्रणात तो ०.३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर अख्ख्या मालावर तो इशारा छापावा लागतो.

उद्योगात पहिल्याला अल्फा आणि दुसऱ्याला बीटा म्हणतात. दोघे एकाच कच्च्या मालातून, एकाच भांड्यात जन्मतात. कोण किती जन्मेल हे मुख्यतः त्या भांड्यात आम्ल टाकले की आम्लारी, यावर ठरते.

कच्चा माल म्हणजे मेथॅनॉल आणि प्रोपिलीन ऑक्साइड. प्रोपिलीन ऑक्साइड हे इपॉक्साइड आहे. त्यात दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून तीन कोपऱ्यांचे वलय बनते. कार्बनच्या चार बंधांना एकमेकांपासून सुमारे १०९ अंशांवर राहायला आवडते. इथे वलयातले बंध ६० अंशांच्या आसपास दाबलेले असतात. वाकवून बांधलेल्या बांबूच्या कांबेत जोर साठून राहतो, तसा या वलयात साठलेला असतो. मोजायचा तर मोलमागे ११० किलोज्यूलच्या थोडा वर. साधा ईथर आम्लारीत तासन्‌तास उकळला तरी ढिम्म हलत नाही, पण हे वलय फुटते, ते या ताणामुळेच.

वलयातले दोन कार्बन मात्र सारखे नाहीत. एक टोकाचा आहे, त्याच्यावर नुसते दोन हायड्रोजन. दुसऱ्यावर एक हायड्रोजन आणि एक मिथिल गट आहे, म्हणून त्याच्याभोवती जरा दाटी. मेथॅनॉल टोकाच्या कार्बनला चिकटले तर अल्फा तयार होतो, म्हणजे CH3OCH2CH(OH)CH3. दाटीच्या कार्बनला चिकटले तर बीटा, म्हणजे CH3CH(OCH3)CH2OH.

आधी आम्लारीची वाट पाहू. मेथॅनॉलमध्ये थोडे सोडियम मेथॉक्साइड विरघळवले की द्रावणात मेथॉक्साइड आयन असतात. त्यांच्यावर ऋणप्रभार असतो आणि ते कार्बनवर स्वतःहून चाल करून जातात. अशी चाल नेहमी पाठीमागून होते: ज्या बाजूला ऑक्सिजन जोडलेला आहे त्याच्या बरोबर उलट बाजूने. नवा बंध जुळत जातो, जुना त्याच वेळी तुटत जातो, आणि वलयातला ऑक्सिजन ऋणप्रभार घेऊन मोकळा होतो. कार्बनवर या सगळ्यात फारसा प्रभार साचत नाही. त्यामुळे निवड एकाच गोष्टीवर होते: पाठीमागून शिरायला जागा कुठे आहे? जागा टोकाला आहे. म्हणून बहुतांश माल अल्फा निघतो, बीटा काही टक्के. घरात अराल्डाइटच्या दोन नळ्या एकत्र घोटतो तेव्हाही हेच चाललेले असते. एका नळीतल्या रेझिनच्या टोकांना इपॉक्साइडची वलये असतात आणि दुसऱ्या नळीतले अमाइन त्यांच्या बाहेरच्या, मोकळ्या कार्बनवर जाऊन बसतात.

आता सोडियम मेथॉक्साइडऐवजी सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब टाकू. मेथॉक्साइड आयन आता टिकत नाहीत. उरते ते साधे, प्रभार नसलेले मेथॅनॉल, आणि ते स्वतःच्या बळावर वलय फोडू शकत नाही. इथे सुरुवात दुसऱ्या टोकाकडून होते. आम्लाचा प्रोटॉन आधी वलयातल्या ऑक्सिजनवर बसतो. धनप्रभार आलेला तो ऑक्सिजन दोन्ही शेजारी कार्बनकडचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, बंध सैल होतात, आणि कार्बनवर थोडा थोडा धनप्रभार उमटू लागतो. पण हा भार पेलायची ताकद दोघांची सारखी नाही. मिथिल गट आपल्या कार्बनला इलेक्ट्रॉनांचा थोडा आधार देतो, म्हणून दाटीच्या कार्बनला धनप्रभार जास्त सोसतो. त्याचाच ऑक्सिजनशी असलेला बंध जास्त ताणला जातो आणि दुबळे मेथॅनॉल तिथे ओढले जाते, दाटी असूनही. जुना बंध इतका लांबलेला असतो की दाटीचा त्रासही कमी होतो.

इथपर्यंत आल्यावर पाठ्यपुस्तके एक सुबक वाक्य देतात: आम्लारीत कमी दाटीच्या कार्बनवर, आम्लात जास्त दाटीच्या कार्बनवर. परीक्षेला ते पुरते. पण प्रोपिलीन ऑक्साइडच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. चिटवूड आणि फ्रूअर यांनी १९४६ साली प्रोपिलीन ऑक्साइडवर अल्कोहोलांची क्रिया तपासून प्रसिद्ध केली. आम्लारीत टोकाचा कार्बन स्पष्टपणे जिंकतो, पण आम्लात दुसरा कार्बन तसा जिंकत नाही. दोन्ही पदार्थांचे मिश्रण मिळते, अल्फा आणि बीटा साधारण निम्मे-निम्मे. कारण आम्लात दोन ओढी एकमेकींच्या विरुद्ध काम करतात. प्रभार दाटीकडे ओढतो, दाटी मोकळ्या टोकाकडे ढकलते. एका मिथिल गटाचा आधार जेमतेम तेवढाच असतो, म्हणून तराजू मध्यावर राहतो. आम्लारीत ही झुंजच नसते. दोन परिस्थितींमधला खरा फरक मला इथे वाटतो: आम्ल नियम उलटा करत नाही, ते एक दुसरे बळ मैदानात आणते.

हे खरे की नाही ते एक मिथिल गट वाढवून पाहता येते. दाटीच्या कार्बनवर एकाऐवजी दोन मिथिल असलेले आयसोब्युटिलीन ऑक्साइड घेतले तर आधार दुप्पट होतो, आणि आम्लात हल्ला जवळजवळ पूर्णपणे त्या कार्बनवरच जातो. मेथॅनॉलऐवजी पाणी वापरले तर एक गंमतीशीर अडचण येते. पाणी कुठल्याही कार्बनवर बसो, शेवटी शेजारच्या दोन कार्बनांवर दोन ओएच गट असलेला तोच ग्लायकॉल मिळतो. मग बसले कुठे हे कळणार कसे? लाँग आणि प्रिचर्ड यांनी १९५६ साली त्यासाठी जड ऑक्सिजनचे पाणी वापरले, ज्यातल्या ऑक्सिजनचे वजन १६ नव्हे, १८ असते. पाण्यातून आलेला ऑक्सिजन असा खुणेचा झाला की तो रेणूत कुठे आहे ते शोधता येते. या ग्लायकॉलचा रेणू वस्तुमान-वर्णपटमापीत फोडला की त्याचा मोठा तुकडा दोन मिथिल, एक कार्बन आणि एका ऑक्सिजनचा असतो, वजन ५९. खुणेचा ऑक्सिजन दाटीच्या कार्बनवर असेल तर तोच तुकडा ६१ वर दिसतो. टोकाच्या कार्बनवर असेल तर ५९ वरच राहतो. आम्लात खूण दाटीच्या कार्बनवर मिळाली, आम्लारीत टोकाच्या.

मग आम्लात बंध पूर्ण तुटून मोकळा धन आयन तयार होतो का? सहसा नाही. तसे असते तर मेथॅनॉल त्या कार्बनवर दोन्ही बाजूंनी सारखेच आले असते. प्रत्यक्षात ते बहुतेक करून ऑक्सिजनच्या उलट बाजूनेच येते, अगदी आम्लारीतल्यासारखे. याचा अर्थ ऑक्सिजन अजून पूर्ण सुटलेला नसतो. लांबलेल्या बंधाने लटकून त्याने आपली बाजू झाकून धरलेली असते. बेंझिनचे वलय शेजारी असलेल्या स्टायरीन ऑक्साइडमध्ये धनप्रभाराला इतका भक्कम आधार मिळतो की तिथे हा हिशेब थोडा ढासळतो. आम्लात हल्ला बेंझिनशेजारच्या कार्बनवर जातोच, पण आम्लारीतही तिथे बऱ्यापैकी वाटा जातो आणि मिश्रण हाती येते.

आम्लाच्या वाटेवर आणखी दोन खड्डे आहेत. सल्फ्युरिकच्या जागी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले तर क्लोराइड स्वतःच वलयावर तुटून पडतो आणि क्लोरोप्रोपॅनॉल गळ्यात पडतात. आणि आम्ल तीव्र, मेथॅनॉल कमी असे झाले तर वलय उघडून रेणू आतल्या आत उलटापालट करतो आणि अल्डिहाइड बनतो. आम्लारीची वाटही अगदी निर्धोक नाही. तयार झालेला अल्फा स्वतः अल्कोहोल आहे. तोही मेथॉक्साइडसारखाच दुसऱ्या वलयावर जाऊन बसतो आणि लांब साखळी बनते. म्हणून मेथॅनॉल भरपूर जास्त ठेवतात. तरी थोडा लांब पदार्थ होतोच; तो वेगळा काढून डीपीएम नावाने विकला जातो.

बीटा एवढा नकोसा का? २-मेथॉक्सीएथॅनॉल नावाचा जुना द्रावक शरीरात ऑक्सिडीकरण होऊन मेथॉक्सीअॅसिटिक आम्ल बनतो, आणि हे आम्ल गर्भाला व शुक्राणूंना घातक असते. १९८० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक चिप बनवणाऱ्या कारखान्यांत, जिथे अशा द्रावकांचा वापर होता, तिथल्या महिला कामगारांमध्ये गर्भपाताचे प्रमाण तपासले जाऊ लागले, आणि उद्योग हळूहळू प्रोपिलीनच्या कुळातल्या द्रावकांकडे वळला. पीएमला त्यातूनच मागणी आली. अल्फाचा ओएच गट मधल्या कार्बनवर असल्यामुळे तो तसे आम्ल बनू शकत नाही. शरीर त्याचा मिथिल काढून मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल बनवते. बीटाचा ओएच मात्र टोकाला आहे, अगदी त्या जुन्या द्रावकासारखा, आणि त्याचे २-मेथॉक्सीप्रोपिऑनिक आम्ल होते. सारा फरक मेथॅनॉल कोणत्या कार्बनवर बसले एवढाच.

म्हणून कारखान्यात वाट आम्लारीची. तरीही काही टक्के बीटा उरतोच आणि तो ऊर्ध्वपातनाने काढावा लागतो. अल्फा सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतो, बीटा १३० ला. दहा अंशांचा फरक चांगल्या उंच स्तंभाला पुरतो, पण घाईने मनोरा चालवला तर बीटा वर येतोच. तपासणीला नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीत घालतात. आधी अल्फाचे शिखर येते, मागून बीटाचे छोटे. शंका असेल तर वस्तुमान-वर्णपट निकाल देतो. अल्फा मधोमध तुटला की दोन्ही अर्धे ४५ वजनाचे, म्हणून सर्वांत उंच रेघ ४५ वर. बीटा मात्र टोकाचा CH2OH गट टाकून देतो आणि त्याची सर्वांत उंच रेघ ५९ वर उभी राहते. पीएमपासून पुढे अॅसिटेट बनवून चिपच्या कारखान्यांत आणि गाड्यांच्या रंगांत वापरतात. बीटा आधी काढला नसेल तर तोही सोबत अॅसिटेट होतो, आणि त्या अॅसिटेटलाही युरोपात तोच गर्भहानीचा वर्ग लागू आहे.