तीन मिनिटं आणि साखरेची वाटी

लग्नात नवरदेवाला बोलायला फारसं काही नसतं. मंगलाष्टकं नातेवाईक म्हणतात, मंत्र गुरुजी म्हणतात. कन्यादानाच्या वेळी मुलीचे वडील सांगतात की धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत हिला डावलून जाऊ नका, आणि नवरदेव गुरुजींच्या मागोमाग ‘नातिचरामि’ म्हणतो. म्हणजे, नाही जाणार. पुष्कळदा अर्थही कळलेला नसतो, कारण नेमका तेव्हाच फोटोग्राफर मान वर करायला सांगत असतो. पुढे घास भरवताना एक उखाणा, की त्याचं बोलणं संपलं. पंचवीस वर्षांनी त्याच माणसाच्या हातात माइक देतात आणि म्हणतात, बोला आता दोन शब्द.

आमच्या मेहुण्यांवर, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांवर, ही वेळ गेल्या मे महिन्यात आली. ते कराडला एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. लग्न 2000 सालचं. मुलांनी हॉल घेतला, सव्वाशे माणसांचं जेवण सांगितलं आणि बाबांना न विचारता कार्यक्रमपत्रिकेत ‘बाबांचे मनोगत’ असं घालून टाकलं. मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, एवढ्या कारणावरून मेहुणे आठ दिवस आधी कागद घेऊन माझ्याकडे आले. “ताई, तुम्ही जरा बघा. बरं वाटलं नाही तर सरळ सांगा.”

सरळ सांगितलं. कागदावर संसाररथाची दोन चाकं होती, खांद्याला खांदा होता, ‘माझी अर्धांगिनी’ तीनदा आली होती. मी पेन्सिलीने धाकटीचं नाव खोडलं आणि तिथे शेजारच्या काकूंचं लिहिलं. “आता वाचा.” त्यांनी वाचलं. भाषण जसंच्या तसं काकूंना लागू पडत होतं. मेहुणे हसले, पण कागद घडी घालून खिशात गेला.

दुसऱ्या दिवशी आला तो विनोदांचा खर्डा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात तेच: जन्मठेप, चांगल्या वागणुकीसाठी सूट, बायकोपुढे बोलायची आज पहिलीच संधी. असल्या विनोदांना लोक हसतात, हे खरं आहे. पण तेव्हा बायको कुठे असते ते बघावं. ती सोफ्यावर नवी पैठणी नेसून बसलेली असते, व्हिडिओवाल्याने कॅमेरा तिच्यावर रोखलेला असतो आणि तिला हसण्यावाचून गत्यंतर नसतं. माइक एकाच्याच हातात असताना दुसऱ्याची थट्टा करणं मला पटत नाही. नवऱ्याने या दिवशी स्वतःवर हवं तितकं हसावं. बायकोवर एकही विनोद नको, तिच्या स्वयंपाकावर तर नकोच.

मग चहा ठेवला आणि मीच विचारायला बसले. “तिने तुमच्यासाठी काय काय केलं?” याला उत्तर आलं ते पुन्हा रथाच्या चाकाचंच: सगळंच केलं हो. चूक माझ्या प्रश्नाची होती. इतका मोठा प्रश्न विचारला की माणूस छापील उत्तर देतो. म्हणून दुसऱ्या बाजूने गेले. “घरात रोज तुमच्या डोळ्यांसमोर असतं, पण आम्हाला कुणालाच माहीत नाही, असं तिचं काय आहे?” मेहुणे बराच वेळ गप्प होते. मग स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, “मोरीजवळ एक वाटी असते.”

त्या वाटीची गोष्ट ऐकली आणि भाषण सापडलं. बाकीचं काम कापाकापीचं होतं.

कापताना एका गोष्टीवर आम्ही अडलो. धाकटीला लग्नानंतर डी.एड. करायचं होतं. मेहुणे तेव्हा ‘बघू’ म्हणाले होते आणि ते बघायचं राहूनच गेलं. याची माफी त्यांना सगळ्यांसमोर मागायची होती. भावना खरी होती, तरी मी नको म्हटलं. सव्वाशे माणसांसमोर माफी मागितली की समोरच्याला ती तिथल्या तिथे द्यावीच लागते. ज्या बोलण्याला तिचं उत्तर हवं, ते घरी बोलावं. त्यांनी ते आदल्या रात्री घरी काढलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. सकाळी दोघांचेही डोळे सुजलेले होते, एवढं दिसलं.

आभारांची यादीही गेली. एकेचाळीस नावं होती, आणि बेचाळिसावा माणूस रुसणारच. सगळ्या मंडळींना मिळून एक नमस्कार ठरला. माझ्या वडिलांचा, आप्पांचा, उल्लेख मात्र ठेवला. तो शेवटी होता, तो सुरुवातीकडे आणला. गेलेल्या माणसाचं नाव शेवटी आलं तर आवाज भरून येतो आणि भाषण तिथेच बसतं. आधी आलं तर सावरायला जागा राहते.

तालीम आमच्या गच्चीवर झाली. मोबाइलवर वेळ लावली तर चार मिनिटं पन्नास सेकंद. हॉलमध्ये लोक हसतात, बोलणारा थांबतो, म्हणजे प्रत्यक्षात सहाच्या पुढे. तीनवर आणेपर्यंत दोन प्रसंग आणि एक शेर गेला. मग पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत पाच शब्द लिहिले: जेवण, उखाणा, आप्पा, वाटी, हात. एवढंच, आणि तेही चष्म्याशिवाय दिसेल असं. अख्खं भाषण लिहिलेला कागद हातात असला की मान खाली जाते ती वर येत नाही, आणि मोबाइलवरून वाचायला जावं तर नेमका पडदा काळा होतो.

वेळ मी मुलांकडून ठरवून घेतली. हार घालून झाले की लगेच, जेवणाचे काउंटर उघडायच्या आत. एकदा ताटांचा आवाज सुरू झाला की कुणी कुणाचं ऐकत नाही. आणि साउंडवाल्याला सांगून मागचं गाणं पूर्ण बंद करायला लावलं, कारण ‘हळू ठेवतो’ म्हणतात ते कधीच हळू नसतं.

मेहुणे जे बोलले ते असं:

“सगळ्या मंडळींना नमस्कार. जेवण साडेआठला आहे आणि केटरर माझ्याकडेच बघतोय, तेव्हा मी लवकर आटपतो.

“पंचवीस वर्षांपूर्वी घास भरवताना मी उखाणा घेतला होता. आठ दिवस पाठ केला होता. आज त्यातली एक ओळ आठवत नाही. नाव तेवढं लक्षात आहे.” इथे त्यांनी धाकटीचं नाव घेतलं, नुसतं. यमक नाही, काही नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

“सासूबाई पुढच्या रांगेत आहेत. आप्पा आज नाहीत. मला बघायला आले तेव्हा आप्पांनी एकच प्रश्न विचारला होता, डेपो घरापासून किती लांब? मी म्हटलं, सायकलने दहा मिनिटं. पोरीचा नवरा वेळेवर घरी येईल ना, एवढंच त्यांना बघायचं होतं. आप्पा, वेळेवर आलो असं काही मी म्हणत नाही. पण रोज आलो.

“डेपोत दिवसभर हात ग्रीसमध्ये असतात. नुसत्या साबणाने ते निघत नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आमच्या मोरीशेजारी एक स्टीलची वाटी आली. तिच्यात साखर आणि वर चमचाभर गोडेतेल. ते आधी चोळायचं, तेलाने ग्रीस सुटतं, साखरेने खरवडलं जातं, मग साबण. हे हिला कुणी शिकवलं, मी विचारलं नाही. मला वाटायचं, वाटी भरलेलीच असते.

“थोरल्याच्या वेळी ही बाळंतपणाला माहेरी गेली. जाताना वाटी भरून गेली होती. चौथ्या दिवशी ती संपली. मी डब्यातली साखर ओतली, तेल विसरलो, आणि त्या वाटीला झाकणही असतं हे मला माहीतच नव्हतं. सकाळी मोरीपासून देवघरापर्यंत मुंग्यांची वरात. तेव्हा कळलं की वाटी रोज कुणीतरी भरतं आणि कुणीतरी झाकतं.”

इथपर्यंत ते आमच्याशी बोलत होते. इथे सोफ्याकडे वळले. हे वळणं आम्ही गच्चीवर सात-आठ वेळा केलं होतं, कारण ‘ही’चं ‘तू’ व्हायला हवं ते नेमकं इथेच, आणि माणूस नेमका इथेच लाजून पुन्हा पाहुण्यांकडे बघतो.

“अगं, त्या वाटीबद्दल मी तुला पंचवीस वर्षांत एक अक्षर बोललो नाही. आज बोलतो. तुझ्यामुळे मी घरात स्वच्छ हातांनी जेवलो. दोन्ही पोरांना स्वच्छ हातांनी उचललं. आज इथे यायच्या आधीही त्या वाटीने हात धुऊन आलोय. बघ.”

आणि त्यांनी माइक काखेत धरून दोन्ही हात तिच्यापुढे केले. हे मात्र तालमीत नव्हतं.

हॉलमध्ये शांतता होती. माझ्या शेजारी आई डोळे पुसत होती. धाकटीने त्यांचे हात हातात घेतले, उलटे केले, चष्मा नाकावर सरकवला आणि डाव्या अंगठ्याच्या नखाशी बोट ठेवलं.

“इथे राहिलंय,” ती म्हणाली. काखेतल्या माइकने ते सगळ्या हॉलला ऐकवलं.