चाळीस टक्के पाऊस म्हणजे किती पाऊस?

मे महिन्याच्या अखेरीस पुण्यात एखाद्याच्या मोबाइलवर ‘उद्या पाऊस 40%’ असे झळकते आणि घरात लगेच तीन पक्ष पडतात. एकाच्या मते शहराच्या चाळीस टक्के भागात पाऊस पडणार. दुसऱ्याच्या मते दिवसातला चाळीस टक्के वेळ पडणार. तिसरा छत्री खुंटीला तशीच ठेवतो, कारण आकडा पन्नासच्या खाली आहे, म्हणजे पडणारच नाही.

हा गोंधळ काही आपल्यापुरता नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्क या पाच शहरांतल्या लोकांना ‘उद्या पावसाची शक्यता 30 टक्के’ या वाक्याचा अर्थ विचारला होता. 2005 साली निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा बरोबर अर्थ सांगणाऱ्यांचे बहुमत फक्त न्यूयॉर्कमध्ये निघाले. अमेरिकेत 1965 पासून देशभर पावसाचा अंदाज टक्क्यांत दिला जातो. इतक्या वर्षांच्या सवयीनंतरही तिथे सगळ्यांना तो कळत होता असे नाही.

अमेरिकेच्या हवामान खात्याची व्याख्या मात्र अगदी नेमकी आहे. अंदाज ज्या भागाचा आहे त्यातल्या कोणत्याही एका ठिकाणी, ठरलेल्या मुदतीत, निदान 0.01 इंच पाऊस पडण्याची शक्यता म्हणजे हा टक्का. खात्याने ज्या ज्या वेळी 40 टक्के सांगितले त्या शंभर वेळा काढल्या, तर तुम्ही जिथे उभे आहात तिथे साधारण चाळीस वेळा पाऊस झालेला असेल आणि साठ वेळा नाही.

त्यातला 0.01 इंच म्हणजे पाव मिलिमीटर. एक मीटर लांब-रुंद फरशीवर पेलाभर पाणी पसरावे, इतकाच. टक्का एवढा पाऊस पडण्याचीच शक्यता सांगतो. त्यापुढे किती कोसळेल याबद्दल तो काही बोलत नाही. दिवसभराच्या भुरभुरीला 90 टक्के मिळू शकतात आणि तासाभरात रस्त्यावर पाणी साचवणाऱ्या वळवाला 20. म्हणून टक्क्याशेजारी मिलिमीटरचा आकडा असेल तर तोही वाचावा.

आता ‘कोणत्याही एका ठिकाणी’ हे शब्द. एकच 40 टक्के दोन अगदी वेगळ्या वाटांनी येऊ शकतो. मे महिन्यात दुपारी ढग फुगणार, जिल्ह्यात कुठे ना कुठे वळीव पडणार हे जवळपास नक्की असते. पण तो साधारण चाळीस टक्के भागालाच भिजवेल असा कयास असतो. अशा वेळी तुमच्या गच्चीचा वाटा 40 टक्के. दुसरीकडे, बंगालच्या उपसागरावरचे कमी दाबाचे क्षेत्र विदर्भाकडे वळले तर सगळीकडेच पाऊस होणार, पण ते वळण्याची शक्यताच 40 टक्के. मोबाइलवर दोन्ही आकडे सारखेच दिसतात. पहिल्या वेळी शेजारच्या गावात पाऊस झाला आणि तुमच्याकडे नाही, तर अंदाज चुकला असे होत नाही.

दोन ठिकाणांतला हा फरक किती मोठा असू शकतो, हे मुंबईने 26 जुलै 2005 ला पाहिले. चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच मुंबईतल्या कुलाब्याला 73.

भारतीय हवामान खात्याच्या बातमीपत्रातले ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’ हे शब्द आपण आकाशवाणीवर ऐकत मोठे झालो. त्यांनाही मोजमाप आहे, पण ते वेगळ्या गोष्टीचे. विभागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक ठिकाणी. 26 ते 50 टक्के केंद्रांवर असेल तर काही ठिकाणी. त्यावर बऱ्याच आणि बहुतांश ठिकाणी. म्हणजे इथे पसारा मोजला जातो. शिवाय इथला पावसाळी दिवस म्हणजे निदान 2.5 मिलिमीटर, अमेरिकी उंबरठ्याच्या जवळपास दहापट. दोन्हीकडचे टक्के एकमेकांशी ताडून पाहण्यात म्हणूनच अर्थ नाही.

मुळात हा टक्का येतो कुठून? पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली एक प्रणाली 2018 पासून देशाच्या अंदाजासाठी वापरात आली. आजच्या वातावरणाची नोंद कधीच पूर्ण अचूक नसते, म्हणून तापमान, वारे, बाष्प यांचे सुरुवातीचे आकडे किंचित बदलून संगणकावर उद्याचे हवामान एकदा नव्हे, 21 वेळा काढले जाते. समजा त्यातल्या आठ वेळा तुमच्या भागात पाऊस आला, तर ढोबळ हिशेब झाला 38 टक्के. मात्र ही सगळी गणिते एकाच घरातली भावंडे असतात, त्यांचा एकमेकांशी जरा जास्तच मेळ बसतो. म्हणून कच्चा आकडा जुन्या नोंदींशी ताडून दुरुस्त करावा लागतो.

ही दुरुस्ती जमली का, हे एका दिवसावरून कळत नाही. 30 टक्के सांगितले आणि पाऊस आला, म्हणून कुणी खोटे ठरत नाही. तीस टक्क्यांचे सगळे दिवस एकत्र काढायचे आणि त्यांतले किती भिजले ते मोजायचे, हीच परीक्षा. या परीक्षेत खासगी कंपन्यांची एक खोड उघडी पडली. नेट सिल्व्हर यांनी 2012 च्या पुस्तकात सांगितले, की अमेरिकेतल्या ‘वेदर चॅनल’ने 20 टक्के सांगितलेल्या दिवसांपैकी प्रत्यक्षात सुमारे 5 टक्के दिवशीच पाऊस झाला होता. कारण व्यवहारी आहे: छत्री नेली आणि ऊन पडले तर माणूस हसून सोडून देतो; छत्री नसताना भिजला की अंदाज सांगणाऱ्याला शिव्या घालतो.

आणखी एक ठेच ताशी आकड्यांत लागते. तीन ते सहा या तिन्ही तासांसमोर 30-30 टक्के असतील, तर तीन तासांत पाऊस गाठण्याची शक्यता किती? तिन्ही तासांचे नशीब पूर्ण स्वतंत्र असते, तर कोरडे राहण्याची शक्यता 0.7 × 0.7 × 0.7, म्हणजे सुमारे 34 टक्के, आणि भिजण्याची 66. तिन्ही तास एकाच ढगावर अवलंबून असतील, तर 30 ला फारसा धक्का लागत नाही. खरे उत्तर बहुधा या दोहोंच्या मध्ये असते. तिघांची बेरीज करून 90 म्हणणे मात्र साफ चूक.

मग किती टक्क्यांना छत्री घ्यायची? याचे उत्तर आकाशात नाही, नुकसानीत आहे. समजा ऑक्टोबरमध्ये कापलेल्या सोयाबीनचा ढीग शेतात उघडा आहे. ताडपत्री आणि मजुरी मिळून 2,000 रुपये लागतात, आणि भिजला तर 20,000 चे नुकसान. 2,000 भागिले 20,000 म्हणजे 10 टक्के. शक्यता यापेक्षा जास्त असली की झाकणे स्वस्त पडते. म्हणजे 20 टक्क्यांचा अंदाजही या शेतकऱ्याला पुरेसा आहे. त्याच संध्याकाळी त्याच गावात फक्त फेरफटका मारायला निघालेल्याने 60 टक्क्यांकडेही काणाडोळा केला, तरी हिशेब त्याचाही बरोबरच असतो.