हात मारण्याआधी तरंगणं

आपल्याकडे पाठीला डबा बांधून पोरांना विहिरीत सोडतात. पोर हात मारायला शिकतं खरं, पण तरंगत असतो तो डबा! बांगलादेशातल्या ‘स्विमसेफ’ उपक्रमात गावच्या तळ्यातच बांबूचं मचाण बांधून मुलांना पोहायला शिकवतात. तिथे पंचवीस मीटर पोहण्याइतकंच अर्धं मिनिट तरंगता येणंही महत्त्वाचं.

तरंगणं शिकवताना मी छातीभर पाण्यात, मुलाच्या डोक्याखाली हात धरून सुरुवात करतो. कान पाण्यात, हनुवटी किंचित वर, छातीत भरपूर हवा. कान भिजू नयेत म्हणून मूल मान उचलतं आणि लगेच कंबर बुडते. चूक तिथेच कळते. पाय हळूहळू खाली गेले तर चालतं, नाकतोंड वर असलं की पुरे.

मग काठावरचा धडा. बुडणाऱ्यासाठी उडी मारायची नाही. आधी मोठ्यांना हाक, मग पालथं पडून बांबू किंवा ओढणी पुढे करायची. उभं राहून ओढलं तर घाबरलेला माणूस आपल्यालाच आत खेचतो. सरावात मी मुद्दाम हिसका देतो. उभी असलेली पोरं हमखास पाण्यात येतात. टोक पोहोचत नसेल तर रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन फेकायचा. डबा इथे मात्र कामाचा!